लायनर: रेशमी, सुती की सिंथेटिक?

मे महिन्यात सार पासच्या ट्रेकला निघालेल्या माणसाच्या वाट्याला एकाच आठवड्यात दोन टोकांच्या रात्री येतात. दिल्लीच्या डॉर्मिटरीत पंखा गरगरत असूनही पाठ घामाने भिजलेली असते. त्यानंतर काहीच दिवसांनी, साडेबारा हजार फुटांच्या आसपास असलेल्या नगारूच्या तंबूत, पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची साय धरते. दोन्हीकडे उपयोगी पडेल असं अंथरूण-पांघरुणातलं एकच सामान सॅकमध्ये मावतं, ते म्हणजे स्लीपिंग बॅगचा लायनर. चादरीची तीन बाजूंनी शिवलेली पिशवी, एवढंच त्याचं रूप. पण ती कुठल्या कापडाची आहे यावर झोप अवलंबून असते.

आधी स्वच्छतेचं बोलू. हिमालयातल्या बेस कॅम्पवर भाड्याने मिळणारी स्लीपिंग बॅग एका बॅचकडून दुसऱ्या बॅचकडे जात राहते आणि हंगामात क्वचितच धुतली जाते. यात नुसता आळस नसतो. बॅग वारंवार धुतली की आतलं भरण दबतं, पिसांचं असेल तर त्याच्या गुठळ्या होतात आणि ऊब कमी होते. अंगाचं तेल आणि घामही भरणाचं तेवढंच नुकसान करतात, म्हणून स्वतःची बॅग असली तरी लायनर वापरावा. आल्प्समधल्या डोंगरी विश्रामगृहांत गाद्या आणि ब्लँकेटं तिथलीच असतात, पण स्वतःच्या लायनरशिवाय झोपू देत नाहीत. उलट शहरांतली बरीच हॉस्टेलं धुतलेल्या चादरी देतात आणि ढेकूण येऊ नयेत म्हणून बाहेरची स्लीपिंग बॅग आत आणू देत नाहीत. लायनरचं काय, ते बुकिंग करतानाच विचारून घ्यावं. ढेकणांपासून मात्र साधा लायनर वाचवत नाही, तोंडाकडच्या मोकळ्या बाजूने ते आत शिरतातच.

आता उबेकडे. लायनरच्या वेष्टनावर आठ अंश, चौदा अंश जास्त ऊब असे आकडे छापलेले असतात. स्लीपिंग बॅगचं तापमान ठरवायला आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे: कृत्रिम माणूस बॅगेत निजवून प्रयोगशाळेत मोजमाप होतं. लायनरवरच्या आकड्यांमागे तशी सर्वमान्य मोजणी नसते. माझ्या मते रेशमी लायनरकडून दोन-तीन अंशांची आणि जाड विणीच्या सिंथेटिककडून चार-पाच अंशांची अपेक्षा ठेवावी, त्याहून जास्त नाही. ही ऊब येते ती मुख्यतः कापड आणि बॅग यांच्यामध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. त्यामुळे भाड्याच्या ढगळ बॅगेत लायनरचा फरक चांगला जाणवतो आणि अंगासरशी बसणाऱ्या बॅगेत कमी. घट्ट बॅगेत जाडजूड फ्लीसचा लायनर कोंबला तर तो बॅगेचं भरण आतून दाबतो आणि मिळायची ती ऊबही जाते.

थंडी कुठून लागते आहे हेही ओळखावं. खांदे आणि गळ्याशी गार वारा शिरत असेल तर लायनरचा तोंडाकडचा भाग गोळा करून मानेभोवती घ्यावा, लगेच फरक पडतो. पण पाठ, कंबर आणि टाचा गार पडत असतील तर दोष खालच्या मॅटचा आहे. अंगाच्या वजनाखाली लायनर चपटा होतो, त्यात हवा उरत नाही. तिथे लायनर कितीही चांगला असला तरी जमिनीची थंडी थांबत नाही.

रेशमाचं पहिलं कौतुक वजनाचं. रेशमाचा भरीवपणा ‘मॉमी’ या मापात सांगतात. एक मॉमी म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३४ ग्रॅम. लायनरला साडेतीन चौरस मीटरच्या आसपास कापड लागतं, म्हणजे आठ मॉमीच्या रेशमाचा लायनर सव्वाशे ग्रॅम भरेल आणि मुठीत मावेल. रेशीम हवेतली ओल बऱ्यापैकी शोषून घेतं, त्यामुळे थंडीत ते अंगाला ओलसर लागत नाही आणि कोरड्या उकाड्यातही सुखावह वाटतं. मात्र घामाने चिंब झालं की ते अंगाला चिकटतं. भिजलेलं रेशीम कमजोरही होतं आणि त्याच्या शिवणी सहज उसवतात. म्हणून पाय रेटत आत शिरू नये. लायनर हातात गोळा करून पाय तळापर्यंत घालावेत आणि मग कापड वर ओढून घ्यावं. घेतानाच बाजूच्या शिवणींत ताणलं जाणारं कापड लावलेलं आहे का हे पाहावं.

स्वस्तात मिळणारा ‘सिल्क’ बऱ्याचदा चकचकीत पॉलिएस्टर असतो. शंका आली तर आतल्या मायेतला कापडाचाच एक धागा ओढून काढावा (शिवणीचा दोरा नको), चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि उरलेली काळी राख बोटाने चुरता येते. पॉलिएस्टर वितळून आक्रसतो आणि टोकाला टणक मणी उरतो. सूत कागदासारखं जळतं.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दमट रात्री मात्र मी सुतालाच पसंती देईन. घाम टिपावा तो सुतानेच. बाजारातले सुती लायनर साध्या चादरीच्या कापडाचे, चारशे ग्रॅमच्या घरात जाणारे असतात. त्यापेक्षा जुनी, मऊ झालेली सुती साडी घ्या. साडेपाच मीटरच्या साडीतून ४.४ मीटर कापड काढून मधोमध दुमडलं की सव्वादोन मीटरला जराशी कमी लांबी मिळते आणि दुमड पायाशी येते, म्हणजे जिथे ताण जास्त तिथे शिवण नाही. दोन्ही बाजू शिवाव्यात, एका बाजूला वरचे साठ-सत्तर सेंटिमीटर उघडे ठेवावेत. उरलेल्या कापडातून डोक्याशी उशीचा खिसा होतो. निमुळत्या बॅगेसाठी हीच पिशवी खांद्यापाशी ८५ आणि पायाशी ६० सेंटिमीटर रुंद करावी, नाहीतर रात्रभर कापडाचे पीळ पायात अडकतात. सुताची अडचण उंचीवर कळते. एकदा ओलं झालं की गार, ढगाळ कॅम्पवर ते वाळत नाही आणि ओलं सूत अंगाची ऊब खेचून घेतं.

तिथे सिंथेटिक कामाला येतं. पॉलिएस्टरचा तंतू पाणी जवळजवळ शोषतच नाही, त्यामुळे धुतलेला लायनर वाऱ्यावर भराभर वाळतो. पोकळ तंतूंचा, ताणला जाणारा विणीव प्रकार सर्वांत उबदार. वजन अडीचशे ते चारशे ग्रॅम. पण तोच लायनर दिल्लीच्या डॉर्मिटरीत नकोसा होतो: घाम कातडीवरच राहतो आणि दोन-तीन रात्रींत कापडाला कुबट वास धरतो.

सार पासचाच हिशेब करू. भाड्याच्या बॅगेत शून्य अंशापर्यंत सुखाने झोप लागते असं धरलं आणि नगारूला पारा उणे दोन-तीनवर गेला, तर रेशमी लायनर, कोरडे मोजे आणि कानटोपी एवढ्यावर निभावतं. तोच रेशमी लायनर दिल्लीत नुसता पांघरायलाही चालतो. म्हणून या प्रवासासाठी रेशीम. बॅग पाच अंशांचीच असेल, तर लायनरवर भिस्त न ठेवता बेस कॅम्पवरच बॅग बदलून मागावी किंवा जादा ब्लँकेट घ्यावं. फक्त थंडीतच फिरणाऱ्या आणि सहज गारठणाऱ्या माणसाने सिंथेटिकच घ्यावा. हॉस्टेल, रेल्वेचा प्रवास आणि उन्हाळा एवढंच असेल तर साडीच्या लायनरपुढे पैसे खर्च करायचं कारण नाही.

परतल्यावर रेशमी लायनर धुताना डाग काढणारी एन्झाइमवाली पावडर वापरू नये. रेशीम प्रथिनाचं असतं आणि ती एन्झाइमं प्रथिनच विरघळवतात. ब्लीच आणि धुण्याचा सोडाही वर्ज्य. गार पाण्यात सौम्य शाम्पू किंवा लोकरीचा द्रव साबण घालून हाताने धुवावा, पिळू नये, टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी दाबून काढावं आणि सावलीत वाळवावा, कारण उन्हाने रेशीम पिवळं पडतं आणि विरतं.