दुसऱ्यांदा सीईटी: घसरतो तो क्रमांक

लेखमाला: गुणपत्रिकेच्या पलीकडे

राज्याच्या एमएचटी-सीईटीला 2026 पासून दोन संधी मिळू लागल्या. एप्रिलमधली पहिली सक्तीची, मेमधली दुसरी ऐच्छिक आणि दोन्हींपैकी ज्या वेळचे पर्सेंटाइल जास्त, ते प्रवेशासाठी धरायचे. सीबीएसईनेही त्याच वर्षापासून दहावीला जास्तीत जास्त तीन विषयांत गुण वाढवण्यासाठी दुसरी परीक्षा ठेवली. जेईई मेन तर 2019 पासून असेच चालते आहे. पैठणसारख्या तालुक्याच्या गावी बारावी विज्ञानाच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना यातून पडणारा प्रश्न सरळ आहे. गुण कमी होणारच नसतील, तर दुसऱ्यांदा बसण्यात धोका कसला? आणि धोका नसेल, तर प्रत्येकाने बसावेच का? या आठवड्यात अभियांत्रिकीच्या, म्हणजे पीसीएम गटाच्या सीईटीपुरते हे तपासू.

गुण कमी होत नाहीत, हे खरे आहे. मेमध्ये पेपर कितीही अवघड गेला तरी एप्रिलचे पर्सेंटाइल शाबूत राहते. पण प्रवेश मिळतो तो राज्य गुणवत्ता यादीतल्या क्रमांकावर, आणि क्रमांकाला अशी हमी नाही. ज्याने दुसरी संधी घेतली नाही, त्याच्या पुढे असलेल्यांपैकी कुणीही खाली येऊ शकत नाही, कारण नियम त्यांनाही सांभाळून घेतो. त्याच्या मागचे काही जण मात्र पुढे जाऊ शकतात. म्हणजे घरी बसलेल्याचा क्रमांक फार तर जागेवर राहील, नाही तर मागे सरकेल. पुढे तो येणार नाही. 2025 च्या सीईटीला पीसीएम गटात सुमारे सव्वाचार लाख मुले बसली होती, तोच आकार धरू. 90 पर्सेंटाइलवाल्याच्या पुढे साधारण 42 हजार जण असतात आणि 80 ते 90 या पट्ट्यात आणखी तेवढेच. समजा, या पट्ट्यातल्या निम्म्यांनी मेची परीक्षा दिली आणि त्यांतल्या दहांपैकी एकालाच 90 ओलांडता आले, तरी घरी राहिलेला दोन हजारांवर क्रमांक मागे जातो. त्याच्या गुणपत्रिकेवर एक अक्षरही बदललेले नसते.

इतकी मुले खरेच पुन्हा बसतात का? जेईई मेनचा अनुभव तसे सांगतो. 2025 मध्ये जानेवारीच्या सत्रात सुमारे 12 लाख 58 हजार मुले बसली, एप्रिलच्या सत्रात सुमारे 9 लाख 92 हजार, आणि दोन्ही सत्रे देणारी होती 7 लाख 75 हजारांच्या घरात. जानेवारीत बसलेल्यांपैकी दर पाचांत तीन जण परत आले. तिथे पहिले सत्रही सक्तीचे नाही, म्हणून हा आकडा सीईटीला जशाचा तसा लावता येणार नाही. पण दुसरी संधी हा मूठभरांचा हट्ट उरत नाही, तो बहुतेकांचा रिवाज होतो, एवढे यातून दिसते. म्हणून पुन्हा बसण्याची किंमत मोजताना न बसण्याचीही मोजली पाहिजे.

असे असेल तर सगळ्यांनी डोळे मिटून अर्ज भरावा, असा निष्कर्ष कुणी काढेल. तो मला घाईचा वाटतो. दुसऱ्या परीक्षेतली वाढ दोन वाटांनी येते, नशिबाने आणि तयारीने, आणि या दोन वाटांची ताकद अगदी वेगळी आहे.

आधी नशिबाचा हिशेब. पीसीएमचा पेपर 150 प्रश्नांचा आणि 200 गुणांचा. गणिताच्या 50 प्रश्नांना प्रत्येकी 2 गुण, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या मिळून 100 प्रश्नांना प्रत्येकी 1. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून न येणारे प्रश्नही सगळे सोडवतात, चारांपैकी एक पर्याय अंदाजाने निवडून. समजा, पैठणच्या एका मुलीला गणिताचे 20 आणि उरलेल्या दोन विषयांचे मिळून 50 प्रश्न पक्के येतात. तिचे 90 गुण निश्चित. राहिलेल्या 80 प्रश्नांवर, म्हणजे गणिताचे 30 आणि इतर 50, ती अंदाज लावते. चारांत एक बरोबर या प्रमाणात तिथून सरासरी 27-28 गुण येतात. एकूण साधारण 117. पण नुसत्या अंदाजामुळे हा आकडा पाच-सहा गुणांनी वर किंवा खाली जाणे अगदी नेहमीचे आहे. काहीही न वाचता तिने मेमध्ये पुन्हा पेपर दिला, तर दोन्हींतला चांगला आकडा तिच्या सरासरीपेक्षा जेमतेम तीन गुणांनी वर असेल. दोन फाशांतला मोठा आकडा घ्यायची मुभा दिल्यावर होतो तेवढाच हा फायदा.

हे तीन गुण सगळ्यांना सारखे मिळत नाहीत. एप्रिलमध्ये जिचे अंदाज फार चांगले लागले, तिला ते आधीच मिळून गेलेत. मेमध्ये बहुधा कमीच पडेल. जिचे अंदाज फसले, अपेक्षित 27 च्या जागी 20 गुणच आले, तिला तयारी न वाढवताही सहा-सात गुण परत मिळण्याची आशा आहे. आपण यांतली कोण, हे ओळखण्याचा एक मार्ग आहे. पेपर देऊन आल्यावर त्याच संध्याकाळी, आठवण ताजी असताना, प्रत्येक विषयात किती प्रश्न खात्रीने सोडवले आणि किती अंदाजाने, एवढे वहीत टिपून ठेवावे. पुढे उमेदवाराची उत्तरे आणि उत्तरतालिका पाहायला मिळाली की अंदाजांपैकी किती लागले ते मोजता येते. चारांत एकापेक्षा बरेच कमी लागले असतील, तर पुन्हा बसण्याला आधार आहे. बरेच जास्त लागले असतील, तर एप्रिलचा आकडा आपल्या खऱ्या तयारीपेक्षा वरचा आहे आणि तो ओलांडायला खरोखरचे नवे गुण लागतील.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पर्सेंटाइल म्हणजे त्या सत्रात बसलेल्या मुलांमध्ये आपले स्थान. मेमध्ये परत येणारी मुले तीच नसतात. एप्रिलमध्ये सक्ती म्हणून आलेली, पुस्तक न उघडलेली मुले बहुतांशी गळतात. जिद्दीची राहतात, शिवाय महिनाभर अभ्यास करून येतात. अव्वल आलेली समाधानी मुलेही काही प्रमाणात गळतात, त्यामुळे अगदी वरच्या टोकाला गर्दी थोडी विरळ होऊ शकते. पण 80-90 च्या पट्ट्यात तळ गळाल्याचा परिणाम मोठा ठरतो आणि तेवढ्याच गुणांना पर्सेंटाइल कमी मिळू शकते. आक्षेप मान्य केला की निष्कर्ष असा निघतो: नशिबाने येणारे तीन गुण या बदललेल्या गर्दीत विरघळून जातील. निव्वळ ‘बघू, लागलं तर लागलं’ म्हणून पुन्हा बसणाऱ्याच्या पदरात फारसे पडणार नाही. पुन्हा बसणे सार्थकी लागायचे तर वाढ तयारीतून आली पाहिजे.

तयारीची वाढ एका महिन्यात कुठून येईल? सीईटीचा सुमारे 20 टक्के भार अकरावीच्या ठरावीक प्रकरणांवर असतो, 80 टक्के बारावीवर. म्हणजे जवळपास 30 प्रश्न आणि 40 गुण अकरावीचे. बारावीच्या बोर्डाच्या पेपरात अकरावीचे काही विचारत नाहीत, म्हणून फेब्रुवारी-मार्चपर्यंत ती पुस्तके बाजूला पडतात. बोर्ड संपल्यावर एप्रिलच्या परीक्षेपर्यंत हाताशी फार थोडे दिवस राहतात आणि तेही बारावीच्या उजळणीत जातात. ज्या मुलीचे अंदाज मुख्यतः या 30 प्रश्नांवर गेले, तिच्यासाठी मेची संधी खरी आहे. प्रकरणांची यादी सीईटी कक्षाने ठरवून दिलेली आहे, ती मर्यादित आहे, आणि त्यातले निम्मे जरी पक्के झाले तरी अंदाजाने आधीच मिळणारा वाटा वजा करून पंधरा गुण वाढतात. तीन गुणांशी याची तुलनाच नको. गणितात वेळ संपला म्हणून शेवटच्या दहा-बारा प्रश्नांना न वाचताच पर्याय निवडला, हे कारण असेल, तरीही सुधारणा शक्य आहे. 90 मिनिटांत 50 प्रश्न या वेगाचा सराव महिन्यात होतो. पण दोन्ही वर्षांचे कलनशास्त्र कच्चे असेल, तर महिनाभर त्यासाठी पुरत नाही, आणि हे कबूल करणेच बरे.

एक गैरसमज मला काळजीचा वाटतो. दोन संधी आहेत म्हटल्यावर पहिलीकडे रंगीत तालीम म्हणून पाहिले जाते. वरचा तीन गुणांचा लाभ दोन्ही वेळा पूर्ण ताकदीने बसले तरच मिळतो. एप्रिलमध्ये पंधरा गुणांनी कमी तयारी असेल, तर दोन्हींतला चांगला आकडा म्हणजे जवळपास मेचाच आकडा. पहिली संधी वाया घालवून एकच परीक्षा दिल्यासारखे झाले.

आता खर्चाचा आक्षेप. दुसऱ्या वेळेचे शुल्क, छत्रपती संभाजीनगरच्या केंद्रापर्यंतचे पन्नासेक किलोमीटर, नऊच्या सत्रासाठी भल्या पहाटे निघणे, बिडकीनच्या रस्त्यावर मेचे ऊन. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात सोबत जाणाऱ्याचा बुडालेला दिवसही त्यात धरावा लागतो. हा खर्च किरकोळ आहे असे मी म्हणणार नाही. म्हणूनच तो कशासाठी करायचा, हे पर्सेंटाइलवर न ठरवता जागेवर ठरवावे. मागच्या वर्षीच्या कॅप फेऱ्यांच्या कटऑफ याद्यांत प्रत्येक शाखेपुढे पर्सेंटाइल आणि गुणवत्ता क्रमांक असे दोन्ही आकडे छापलेले असतात. 2025 चे पर्सेंटाइल एकाच परीक्षेवरचे आहे. दोन्हींतले चांगले धरल्यावर तेवढ्याच पर्सेंटाइलला क्रमांक मागचा येऊ शकतो. त्यामुळे जुने पर्सेंटाइल बाजूला ठेवून क्रमांकाशी क्रमांक ताडावा.

वरच्या मुलीचा एप्रिलचा अंदाजे क्रमांक 42 हजार धरू. तिला हवी ती शाखा मागच्या वर्षी तिच्या प्रवर्गात 38 हजारांवर बंद झाली असेल, तर पंधरा गुणांची वाढ तिला आत नेऊ शकते आणि तिने बसावे. ती शाखा 15 हजारांवर बंद झाली असेल, तर महिन्याच्या अभ्यासाने तेवढी उडी बहुधा होणार नाही. मध्ये दुसरी एखादी मनाजोगती शाखा आहे का, ते आधी पाहावे. आणि शाखा 60 हजारांपर्यंत मिळत असेल, तर दोन-तीन हजारांची घसरण होऊनही जागा तिचीच आहे. अशा मुलीने मे महिना कागदपत्रांना द्यावा: सेतू केंद्रातून नॉन-क्रिमीलेअर, संभाजीनगरच्या पडताळणी समितीकडून जात वैधता. कॅपच्या वेळी हे दाखले हातात नसतील, तर प्रवर्गातली जागा जाऊ शकते आणि प्रवर्गात 60 हजारांवर बंद होणारी तीच शाखा खुल्या यादीत कितीतरी आधी भरलेली असते.