घाट उतरताना इंजिन का ओरडतं?

आंबोली घाट उतरताना नवी हायब्रिड गाडी अनेकांना घाबरवते. पाय ॲक्सिलरेटरवर नाही, पडद्यावरचे बाण चाकांकडून बॅटरीकडे धावताहेत, आणि मध्येच इंजिन आपोआप सुरू होऊन मोठ्याने घोंगावू लागतं.

उतारावर चाकं मोटर फिरवतात, मोटर वीज तयार करते आणि त्या ओढीने गाडीचा वेग आवरला जातो. बाण दिसतात ते याचे. पण वीज साठवायला जागा किती? हायरायडर किंवा ग्रँड विटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली बॅटरी जेमतेम पाऊण युनिटची, आणि तीही पूर्ण वापरली जात नाही. माणसांसह 1600 किलोची गाडी 600 मीटर खाली उतरली की सुमारे अडीच युनिट ऊर्जा मोकळी होते. हवेत आणि टायरमध्ये बरीच जाते, तरी उरलेली बॅटरीत मावत नाही.

बॅटरी भरत आली की बाण थांबतो. मग संगणक जादा वीज दुसऱ्या मोटरला देऊन इंजिन नुसतंच फिरवतो. पेट्रोल जळत नाही. खात्री करायची तर तात्कालिक मायलेजचा आकडा पाहा, तो कमाल पातळीवर असतो. (सपाट रस्त्यावर इंजिन सुरू होतं त्याचं कारण बहुधा उतरलेली बॅटरी किंवा थंड इंजिन, तेव्हा मात्र पेट्रोल जळतं.)

लांब उतारावर गिअर सुरुवातीलाच B वर टाका. आवाज वाढेल, पण ब्रेक तापणार नाहीत. आणि उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नका. त्यात मोटरची ओढ जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो.