प्रत्ययाआधी बदलणारा शब्द

‘अंडर द ट्री’, ‘ऑन द ट्री’, ‘बिहाइंड द ट्री’. इंग्रजीत नामाच्या पुढ्यात कोणताही संबंधदर्शक शब्द येवो, ‘ट्री’ आहे तसेच राहते. मराठीत मात्र ‘झाडखाली’ म्हणता येत नाही. आधी ‘झाड’चे ‘झाडा’ होते, मगच त्याला ‘खाली’, ‘वर’, ‘मागे’ चिकटतात. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाला जे रूप घ्यावे लागते, त्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. इंग्रजी नामाला या पायरीची गरजच पडत नाही.

हे रूप नामाच्या लिंगावर आणि शेवटच्या स्वरावर ठरते. ‘घोडा’चे ‘घोड्या’ होते, म्हणून ‘घोड्यावर’. ‘माणूस’ तर मधला ‘ऊ’ही गमावतो आणि ‘माणसाला’ होतो. खरी पंचाईत ‘वाट’ आणि ‘भिंत’ यांसारख्या शब्दांची. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. तरी आपण ‘वाटेवर’ म्हणतो आणि ‘भिंतीवर’ म्हणतो. याची खूण अनेकवचनात सापडते. ‘वाटा’, ‘वेळा’ असे अनेकवचन होत असेल तर सामान्यरूप एकारान्त: ‘वाटेवर’, ‘वेळेवर’. ‘भिंती’, ‘विहिरी’ असे होत असेल तर ईकारान्त: ‘भिंतीवर’, ‘विहिरीत’.

नामाला जे चिकटते, त्याचेही दोन प्रकार आहेत. ‘ला’, ‘ने’, ‘त’, ‘चा’ हे विभक्तिप्रत्यय एकटे उच्चारले तर त्यांतून काहीच बोध होत नाही. ‘समोर’, ‘खाली’ ही शब्दयोगी अव्यये मात्र ‘समोर बघ’, ‘खाली बस’ अशी एकटीही वापरता येतात. शिवाय नामाला जोडल्यावर त्यांच्यावर पुन्हा प्रत्यय चढू शकतो. ‘काकूंच्या घरासमोरच्या झाडाखालून मांजर पळाले’ हे वाक्य पाहा. ‘घरा’ला ‘समोर’ लागले, ‘समोर’ला ‘च्या’ लागले; पुढे ‘झाडा’ला ‘खाली’ लागून त्यावर ‘ऊन’ चढले. इंग्रजीत हेच सांगताना ‘फ्रॉम’पासून सुरुवात करावी लागते: फ्रॉम, अंडर, ट्री, इन फ्रंट ऑफ आणि अगदी शेवटी काकूज हाउस. मराठीतला क्रम जवळजवळ आरशात पाहिल्यासारखा उलटा होतो.

त्या वाक्यातला ‘च्या’ आणखी एक गोष्ट दाखवतो. ‘घरासमोरचा आड’, ‘घरासमोरची विहीर’, ‘घरासमोरचे झाड’ असा ‘चा’ पुढच्या नामाच्या लिंगाप्रमाणे बदलतो, आणि ते नाम सामान्यरूपात गेले की त्याचा ‘च्या’ होतो. इंग्रजी ‘ऑफ’ला मागचेपुढचे काहीही बघावे लागत नाही.

म्हणूनच एका इंग्रजी शब्दापुढे एक मराठी प्रत्यय, अशी जोडी लावून पाठ करण्याचा उपयोग होत नाही. एकटे ‘विथ’ घेतले तरी चाकूने भाजी चिरतात, मित्राशी बोलतात आणि बहिणीबरोबर बाजारात जातात. उलट ‘आईने मुलाला हाक मारली’ यातल्या ‘ला’साठी इंग्रजीत वेगळा शब्दच लागत नाही, कोणी कोणाला हाक मारली हे तिथे शब्दांच्या क्रमावरून कळते. मराठीत ‘मुलाला आईने हाक मारली’ असे फिरवले तरी हाक आईनेच मारलेली असते.

परभाषेतून आलेले शब्द या व्यवस्थेत सारख्याच सहजतेने मिसळत नाहीत. ‘टेबल’ रुळले, म्हणून ‘टेबलावर’. ‘बँक’ही रुळली, म्हणून ‘बँकेत’. ‘बस’ मात्र तशीच राहिली. ‘त’ला सामान्यरूप हवे असते आणि ‘बस’ ते घेत नाही. मग ‘बसमध्ये’ म्हणून काम भागवतात. ‘मध्ये’ मूळ शब्दाला न बदलताही लागू शकते. ‘ऑफिसात’ आणि ‘ऑफिसमध्ये’ ही दोन्ही रूपे कानांवर पडतात.

आडनावांत हा प्रश्न जास्त नाजूक होतो. ‘पाटील’चे ‘पाटलांनी’ आणि ‘गोखले’चे ‘गोखल्यांनी’ ही परंपरागत रूपे. पण ‘साठ्यांनी’ असे छापले, तर मूळ आडनाव साठे की साठ्ये, हे वाचकाला कसे कळावे? बोलताना अनेक जण ‘साठेंनी’ म्हणून मोकळे होतात. वृत्तपत्रे आणि सरकारी पत्रे ‘साठे यांनी’, ‘पाटील यांच्या घरी’ असे लिहितात. तिथे आडनाव जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय शेजारच्या सर्वनामाला लागतो.