उत्तरेच्या भिंतीवरचं ऊन

घर बांधायच्या आधी संगणकावर त्याचं मॉडेल उभं करून ऊन-सावली पाहणं आता तालुक्याच्या गावातही होऊ लागलं आहे. अडचण मॉडेलची नसते, त्याला विचारलेल्या प्रश्नांची असते. म्हणून इथे एकच काल्पनिक घर घेऊ. ते विदर्भातल्या झरी जामणीचं आहे, म्हणजे अंदाजे 19.85 उत्तर अक्षांशावरचं. त्याला पश्चिमेला एक बाल्कनी आणि उत्तरेला एक. दोन्ही 1.2 मीटर खोल, 3 मीटर रुंद, आणि वरच्या स्लॅबची उंची जमिनीपासून 3 मीटर.

पहिला समज असा की उत्तरेच्या भिंतीला ऊन लागतच नाही. पुण्या-मुंबईतही हे छातीठोकपणे सांगतात आणि वर्षातले बरेच महिने ते खरंही असतं. पण झरीचा अक्षांश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मेच्या 19-20 तारखेला सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली पायाशी गोळा होते, आणि नंतर तो उत्तरेला सरकतो. जुलैच्या 24 तारखेच्या आसपास पुन्हा डोक्यावरून दक्षिणेला परततो. मधल्या दोन महिन्यांत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. 21 जूनला तर तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेलाच राहतो. म्हणजे त्या दिवशी दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन मुळीच पडत नाही. हे मॉडेलमध्ये प्रथम पाहणाऱ्याला आपलं काहीतरी चुकलं असं वाटतं, पण चुकलेलं नसतं.

तरी उत्तरेच्या बाल्कनीला छज्जा वाढवून उपयोग नाही. भर दुपारचा सूर्य तेव्हा 86 अंशांवर असतो, स्लॅबची सावली त्याला सहज पुरते. त्रास देतं ते तिरकं, बाजूने आत शिरणारं ऊन. 21 जूनला सूर्य खऱ्या पश्चिमेच्या 25 अंश उत्तरेला मावळतो, त्यामुळे संध्याकाळची किरणं भिंतीला घासत येतात. बाल्कनीच्या पश्चिम टोकाला 1.2 मीटर खोल उभी भिंत किंवा जाळी घातली, तर मावळतीच्या वेळी तिची सावली भिंतीवर सुमारे 2.6 मीटरपर्यंत जाते. 3 मीटरच्या बाल्कनीपैकी बहुतेक भाग त्यात झाकला जातो. पावसाळी ढग असले तर हा प्रश्नच उरत नाही. मॉडेलला ढग माहीत नसतात.

आता पश्चिमेकडे वळू, कारण विदर्भात खरी झळ तिथली. इथला समज असा की बाल्कनीला वर स्लॅब आहे ना, मग सावली होणारच. 1 मे, दुपारचे चार अशी वेळ लावून पाहा. सूर्य 35 ते 36 अंशांवर आणि जवळजवळ बरोबर पश्चिमेला असतो. स्लॅबच्या कडेपासून निघणारा किरण भिंतीवर 1.2 गुणिले 0.72, म्हणजे साधारण 86 सेंटिमीटर खाली येतो. दाराची चौकट 2.1 मीटरवर संपते, स्लॅब 3 मीटरवर. वरचे 90 सेंटिमीटर सावलीत येतात न येतात, तोच दार सुरू होतं. थोडक्यात, चार वाजता पूर्ण दार उन्हात, आणि दार उघडं असेल तर ऊन खोलीच्या फरशीवर जवळजवळ 3 मीटर आत. पाच वाजता सावली अर्ध्या मीटरवर येते. सगळी भिंत चार वाजता सावलीत हवी असेल, तर स्लॅब 4 मीटरहून अधिक पुढे काढावा लागेल, जे कोणी करणार नाही.

तेव्हा पश्चिमेला उत्तर आडवं नसून उभं आहे. बांबूचा तट्टा, वाळ्याच्या ताट्या, कठड्यावर चढवलेली जाळी, काहीही चालेल, फक्त ते बाल्कनीच्या बाहेरच्या कडेवर हवं. खोलीच्या आतला पडदा ऊन आत येऊन काच तापल्यावर मग ते अडवतो. मॉडेलमध्ये तट्टा अर्ध्यावर, 1.8 मीटरपर्यंत खाली आणला आणि चारची वेळ लावली तर भिंतीवर सावली 94 सेंटिमीटरपर्यंत येते. खालचा पट्टा उन्हातच राहतो. विटांचा कठडा 90 सेंटिमीटर उंच असला तरी चारला तो फक्त पायाजवळचा भाग वाचवतो. म्हणून तट्टा कठड्यापर्यंत उतरणारा, पण गुंडाळता येणारा हवा.

याच उदाहरणातून तारखांचा घोळ लक्षात येतो. पद्धत म्हणून 21 मार्च, 21 जून आणि 21 डिसेंबर या तीन तारखा घेतात आणि उन्हाळा जूनमध्येच तपासतात. आपल्याकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आभाळ भरून येतं. तापमान एप्रिल-मेमध्ये आणि नवतप्यात चढतं. म्हणून 15 एप्रिल, 1 मे आणि 25 मे या तारखा दुपारी दोन ते सहापर्यंत दर तासाला पाहाव्यात. भर बाराला पाहण्यात अर्थ कमी. तेव्हा भिंती बऱ्याच वाचलेल्या असतात आणि मार गच्चीवर पडतो.

हे सगळं मॉडेलचं स्थान आणि उत्तर दिशा बरोबर असेल तरच. स्केचअपच्या अनेक टेम्प्लेटमध्ये स्थान म्हणून अमेरिकेतलं बोल्डर असतं, जे 40 अंश उत्तरेला आहे. तपासायला मोकळ्या जागी 1 मीटरची उभी काठी ठेवून 21 डिसेंबर लावा. झरीला सूर्य सर्वांत उंच 12 वाजून 13 मिनिटांच्या सुमाराला असतो, 12 वाजता नाही, कारण भारतीय प्रमाणवेळ 82.5 रेखांशाची आहे आणि झरी त्याच्या पश्चिमेला. तेव्हा काठीची सावली 94 सेंटिमीटर आणि खऱ्या उत्तरेकडे पडायला हवी. बोल्डर राहून गेलं असेल तर सावली जवळजवळ 2 मीटर भरते. नकाशाची वरची बाजू म्हणजे उत्तर असं धरून चालू नका. प्लॉटवर फोनचं होकायंत्र वापरायचं असेल तर सळ्यांच्या ढिगापासून दूर उभं राहा.

शेवटचा समज सर्वांत जास्त घरांत नुकसान करतो: सावली म्हणजे अंधार, आणि ऊन म्हणजे उजेड. सावलीचा नकाशा फक्त थेट किरण कुठे पोचतो ते सांगतो. आकाशाचा पसरलेला उजेड आणि समोरच्या भिंतीवरून परतणारा उजेड त्यात नसतो. उत्तरेची खोली मॉडेलमध्ये काळी दिसेल, पण प्रत्यक्षात दिवसभर सौम्य, सारख्या उजेडाने भरलेली असेल. उजेडासाठी वेगळी गणना लागते: भारतीय मानकात नमुना आकाश 8000 लक्सचं धरतात, त्याचा एक टक्का म्हणजे 80 लक्स. स्वयंपाकघराला 2.5 टक्के म्हणजे 200 लक्स, बैठकीला 0.625 टक्के म्हणजे 50 लक्स सुचवलेले आहेत. हे विसरून स्वयंपाकघराच्या पश्चिमेला बंद जाळी लावली, तर मे सुसह्य होईल, पण ओट्यावर ऑगस्टमध्ये भर दुपारी दिवा लावावा लागेल. गुंडाळता येणाऱ्या तट्ट्याचा फायदा इथे दुसऱ्यांदा दिसतो.