कवळीखालची बुरशी

सत्तरीच्या एक आजी माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांची तक्रार टाळूची नव्हतीच. "डॉक्टर, जिभेला चव नाही आणि तिखट लागलं की आग होते," एवढंच त्या म्हणाल्या. सुनेने आदल्या दिवशी जिभेवर विरजलेल्या दह्यासारखे पांढरे ठिपके पाहिले होते. वरची कवळी काढायला सांगितली, तर खरा प्रकार दिसला. टाळू लालबुंद होता आणि त्या लालीची कड कवळीच्या कडेशी तंतोतंत जुळत होती, जणू कुणी कवळी टाळूवर ठेवून भोवती रेघ मारली असावी. ओठांच्या कोपऱ्यांना भेगा पडल्या होत्या. तिथे मात्र दुखत नव्हतं, म्हणून महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

हा कॅन्डिडा नावाच्या बुरशीचा संसर्ग आहे. ही बुरशी बाहेरून येत नाही. अनेक निरोगी माणसांच्या तोंडात ती कायम असते, पण लाळ, तोंडातले इतर जंतू आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिला आवरून धरतात. कवळीखाली हा पहारा ढिला पडतो. वरची कवळी टाळूला घट्ट चिकटून बसते, तिथे लाळ पोचत नाही. शिवाय ती ज्या अ‍ॅक्रिलिकची बनते, त्याच्या पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रं असतात. बुरशी त्यात चिकट थर करून राहते आणि नुसत्या पाण्याने धुऊन निघत नाही. आजी रात्रीही कवळी घालून झोपत, म्हणजे त्या टाळूला चोवीस तासांत एकदाही मोकळीक नव्हती.

दुसरं कारण विचारल्यावर कळलं. दम्यासाठी त्या दिवसातून दोनदा ब्युडेसोनाइडचा पंप घेत होत्या आणि नंतर चूळ भरत नव्हत्या. पंपातल्या औषधाचा बराच भाग फुप्फुसापर्यंत न पोचता जीभ, टाळू आणि घशावर पडतो. स्टिरॉइड तिथली प्रतिकारशक्ती दाबतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. आवाज बसतो, तोही बऱ्याचदा याच औषधामुळे. म्हणून पंप बंद करायचा का? मुळीच नाही. दम्याचा झटका या बुरशीपेक्षा कितीतरी घातक आहे. पंप घेतला की चूळ भरून गुळण्या करायच्या, पाणी थुंकायचं आणि कवळी काढून तीही धुवायची. फवाऱ्याचा पंप असेल, तर स्पेसर लावल्याने औषध तोंडात कमी पडतं. पावडरच्या पंपाला स्पेसर लागत नाही, तिथे चूळ हाच उपाय.

उपचारात सगळ्यांत जास्त चूक होते ती इथे: औषध तोंडात लावलं जातं, पण कवळी तशीच राहते. आजींनी आधी क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध आणून चार दिवस लावलं होतं, तेही कवळीवरून. आठवड्यात बुरशी परत आली. आता तेच औषध कवळी काढून, जेवणानंतर टाळूवर आणि जिभेवर लावायचं, दोन आठवडे, ठिपके दिसेनासे झाले तरी मध्ये न थांबता. कवळी दिवसातून दोनदा मऊ ब्रशने साध्या साबणाने घासून, ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनमध्ये पंधरा मिनिटं भिजवायची, मग धुवायची. रात्री ती पाण्यात राहील, तोंडात नाही. गरम पाणी वापरायचं नाही, त्याने अ‍ॅक्रिलिक वाकतं.

दोन आठवड्यांनी पांढरे ठिपके गेले, पण टाळू पुरता फिका पडायला आणखी वेळ लागला. कवळी जुनी आणि सैल होती, टाळूवर घासत होती. ती नव्याने बसवून घेतल्यावर लाली गेली. रक्तातली साखरही तपासली, कारण मधुमेह नियंत्रणात नसेल तर ही बुरशी पुन्हा पुन्हा होते. औषध लावूनही हटत नसेल, तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या दिल्या जातात, पण रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांशी तिचं जमत नाही. वॉरफरिन घेणाऱ्यांना तोंडात लावायची मायकोनाझोल जेलसुद्धा टाळावी लागते. त्यामुळे दुकानातून स्वतः औषध आणण्याआधी चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा.

एक फरक घरीच ओळखता येतो. बुरशीचा पांढरा थर ओल्या मऊ कापडाने हलकेच पुसला, तर बहुतेकदा निघतो आणि खाली लाल, कधी किंचित रक्ताळलेली त्वचा दिसते. पुसून न निघणारा पांढरा डाग वेगळा असू शकतो, विशेषतः तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्यांच्या तोंडात. तो दंतवैद्याला न दाखवता औषध लावत बसू नका. गिळताना दुखू लागलं, तर बुरशी अन्ननलिकेत उतरली असण्याची शक्यता असते, आणि मग तोंडात लावायचं औषध पुरत नाही. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.