वर्गाला हवा किती हवी?

बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. डिसेंबरात सकाळची शाळा भरते तेव्हा घाटावरच्या बुलढाणा गावात गार वारा झोंबतो, म्हणून वर्गाच्या खिडक्या लावून घेतात. घाटाखाली मलकापूर-खामगावकडे एप्रिलात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तिथे संगणकाच्या खोलीत वातानुकूलन यंत्र असले, तर खिडक्या पुन्हा बंदच. कारणे वेगळी, पण परिणाम एकच. दुसऱ्या तासाला बाहेरून कोणी आत आले की ते चटकन म्हणतात, “काय कोंदट झालंय इथे!” हा कोंदटपणा आकड्यांत मोजता येईल का? आणि तो घालवायला किती हवा आत घ्यावी लागेल? चला, हिशेबच करू.

आपला वर्ग ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच आहे असे समजा. त्यात १४४ घनमीटर, म्हणजे १,४४,००० लिटर हवा मावते. शिक्षक धरून आत ४० जण बसले आहेत. बसून अभ्यास करणारा शाळकरी मुलगा तासाला साधारण १५ लिटर कार्बन डायॉक्साइड उच्छ्वासातून बाहेर टाकतो. चाळीस जणांचे झाले ६०० लिटर. दारे-खिडक्या घट्ट बंद असतील, तर अर्ध्या तासात ३०० लिटर वायू खोलीत साठेल. हे प्रमाण हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारे २,१०० भाग इतके होते. बाहेरच्या हवेत हा वायू मुळातच दहा लक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. म्हणजे अर्ध्या तासात आकडा २,५०० वर जाईल.

एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. मग त्याची चिंता कशाला? आपल्या उच्छ्वासात दहा लक्ष भागांत सुमारे ४०,००० भाग कार्बन डायॉक्साइड असतो. खोलीत वाढलेले २,१०० भाग हे त्याच्या विसाव्या हिश्शाएवढे आहेत. म्हणजे तुम्ही आत घेतलेल्या हवेचा साधारण विसावा भाग कोणाच्या ना कोणाच्या फुप्फुसातून नुकताच बाहेर पडलेला असतो. शेजारचा मुलगा फ्लूने खोकत असेल, तर याचा अर्थ वेगळा सांगायला नको. कार्बन डायॉक्साइड हा इथे साक्षीदार आहे. म्यूनिकचे शास्त्रज्ञ माक्स फॉन पेटेनकोफर यांनी १८५८ साली हे ओळखले. खोलीत त्याचे प्रमाण हजार भागांत एक भागापेक्षा जास्त होऊ नये, असे त्यांनी सुचवले होते.

आता ताजी हवा किती लागते ते पाहू. ‘ॲशरे’ या अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकात वर्गासाठी दोन आकडे दिले आहेत. दर माणशी सेकंदाला ५ लिटर, आणि जमिनीच्या दर चौरस मीटरला सेकंदाला ०.६ लिटर. पहिला भाग माणसांसाठी आहे. दुसरा भाग खोलीसाठी आहे, कारण रंग, लाकूड, प्लास्टिक यांचा वास खोली रिकामी असली तरी सुटतच असतो. आपल्या वर्गाचे क्षेत्रफळ ४८ चौरस मीटर. म्हणून

४० × ५ + ४८ × ०.६ = २०० + २९ = २२९ लिटर दर सेकंदाला.

एवढी हवा आत येत राहिली आणि तेवढीच बाहेर जात राहिली, तर कार्बन डायॉक्साइड किती होईल? चाळीस जण तासाला ६०० लिटर, म्हणजे सेकंदाला १/६ लिटर वायू सोडतात. तो २२९ लिटर हवेत मिसळतो. भागाकार केला तर दहा लक्ष भागांत ७३० भाग येतात. बाहेरचे ४२० त्यात मिळवा, झाले ११५०. भरलेल्या वर्गात आकडा वाढत वाढत इथे येऊन थांबेल. हा आकडा लक्षात ठेवा.

पण वर्ग नेहमी भरलेला थोडाच असतो? कधी निम्मी मुले मैदानावर असतात, मधल्या सुट्टीत तर कोणीच नसते. तेव्हाही पंख्याने पूर्ण वेगाने बाहेरची हवा आत ओढली तर काय होईल? बाहेरची हवा आतल्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर सेकंदाला २२९ लिटर हवेबरोबर २.७५ किलोवॅट उष्णता आत येते. हजार वॅटच्या जवळजवळ तीन इस्त्र्या खोलीत तापत ठेवाव्यात, तसे हे झाले. ती उष्णता बाहेर काढायला वातानुकूलन यंत्राला जास्त वीज खावी लागते.

म्हणून गरजेपुरतीच हवा आत घ्यायची. पण गरज किती, हे पंख्याला कोण सांगणार? इथे आपला साक्षीदार हजेरीपटाचे काम करतो. भिंतीवरचा संवेदक कार्बन डायॉक्साइड मोजतो आणि नियंत्रक त्याप्रमाणे पंख्याचा वेग बदलतो. आकडा ६०० किंवा त्याखाली असेल तर खोलीपुरती २९ लिटर हवा, ११५० झाला की पूर्ण २२९ लिटर, आणि मधल्या आकड्यांना त्या प्रमाणात मधला वेग. वर्गात २० जण असतील तर आकडा ९५० च्या आसपास स्थिरावेल आणि पंखा सेकंदाला सुमारे १५७ लिटर हवा देईल. मानकाप्रमाणे वीस जणांना १२९ लिटर पुरतात, म्हणजे चूक झालीच तर ती जास्त हवेच्या बाजूने होते. तरीही आत येणारी उष्णता २.७५ वरून १.९ किलोवॅटवर येते.

यात फसगत दोन ठिकाणी होते. पहिली घाईची. तास सुरू होऊन दहा मिनिटे झाली, आकडा ९०० दिसला, म्हणून हवा पुरेशी आहे असे समजू नका. पूर्ण वेगातही आपल्या खोलीभर हवा आत यायला साडेदहा मिनिटे लागतात आणि आकडा स्थिरावायला अर्धा तास तरी जातो. तास संपतानाही आकडा चढतच असेल, तर समजावे की खरा आकडा अजून पुढेच आहे.

दुसरी फसगत उंचीची. संवेदक खोलीतल्या हवेतून अवरक्त किरण सोडतो आणि कार्बन डायॉक्साइडचे रेणू त्यातले किती शोषतात ते मोजतो. बुलढाणा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब सुमारे ७ टक्क्यांनी कमी, म्हणून तेवढ्याच जागेत रेणूही कमी. समुद्रसपाटीसाठी जुळवलेला संवेदक खऱ्या ११५० ऐवजी १०७० दाखवतो आणि पंखा मागे राहतो. अनेक संवेदकांत गावाची उंची भरण्याची सोय असते, ती विसरू नये. एरवी परीक्षा सोपी आहे. रविवारभर बंद राहिलेल्या खोलीची दारे-खिडक्या सोमवारी मुले येण्याआधी थोडा वेळ उघडी ठेवा. संवेदकाने ४२० च्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. त्याने ३०० किंवा ६०० दाखवले, तर साक्षीदार खोटे बोलतो आहे!

आता मोजपट्टी घ्या आणि तुमच्याच वर्गाचा हिशेब मांडा. आपल्या ८ × ६ मीटरच्या वर्गात ४० ऐवजी ६० जण बसले, तर किती हवा लागेल? उत्तर ३२९ लिटर दर सेकंदाला आले तर तुमचे गणित बरोबर आहे.