स्टोरीला आलेला बदाम

रविवारी पहाटे राजगडावर काढलेला फोटो एका तरुणाने इन्स्टाग्रामच्या स्टोरीवर टाकला. तासाभरात ऑफिसमधल्या मैत्रिणीचं उत्तर आलं: डोळ्यांत बदाम असलेला चेहरा. सोमवारी डबा खाताना त्याने मोबाइल मित्रापुढे सरकवला. "काय म्हणायचं असेल रे तिला?"

आधी त्या बदामाला कष्ट किती पडले ते पाहू. स्टोरीखालच्या चौकटीत बोट टेकवलं की काही तयार इमोजी समोर येतात. त्यांत आग असते, टाळ्या असतात आणि हे बदामी डोळेही असतात. एकावर बोट ठेवलं की संपलं. शिवाय हे उत्तर चारचौघांत दिसत नाही, थेट खासगी चॅटमध्ये येऊन पडतं. त्यामुळे रस्त्यावरून जाता जाता मारलेली "भारी!" अशी हाकसुद्धा कानात सांगितल्यासारखी वाटते. तिने त्याच सकाळी आणखी दहा जणांना तोच चेहरा पाठवला असला, तरी ते त्याला कळायची सोय नाही.

त्यात आपलं मनही कच्चं. 1982 मध्ये मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. अनोळखी तरुण-तरुणींना पाच मिनिटं गप्पा मारायला बसवलं आणि दुसऱ्या जोडीला ते लपून पाहायला सांगितलं. बोलणाऱ्या आणि पाहणाऱ्या, दोन्ही तरुणांना त्या तरुणीच्या मोकळेपणात आकर्षण दिसलं, तरुणींना मात्र त्यामानाने कमी. चेहरा-आवाज समोर असताना ही गत, तर नुसत्या चिन्हावरून काय कळणार?

म्हणून उत्तर नव्हे, उत्तरानंतरचं पाहावं. स्टोरी चोवीस तासांत जाते. तिच्यासोबत बोलणंही जातं का? "गुंजवण्याच्या बाजूने चढलास का? पुढच्या वेळी मलाही सांग," असं ती म्हणाली, आणि बुधवारी कुठलीही स्टोरी नसताना तिनेच "पाय दुखायचे थांबले का?" विचारलं, तर तिला फोटोत नाही, माणसात रस आहे. तो रसही जिवलग मैत्रीचा असू शकतो. उलट, लाजरं माणूस चिन्हापुढे जातच नाही. इथे चॅट चाळून उपयोग नसतो. नाही म्हणायला सोपं जाईल असं एकदा विचारावं, एवढंच.

आपल्या तरुणाने "खूप वारा होता" असं लिहिलं होतं, त्यावर "हाहा" आलं आणि गप्पा तिथेच संपल्या. तरी त्याने विचारलं, "शनिवारी चहाला येतेस?" ती म्हणाली, "येते की! सगळ्यांनाच घेऊन जाऊ." शनिवारी पाच जण चहाला गेले. गप्पा छान रंगल्या. त्याला त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि त्याने पुन्हा विचारलं नाही. तिचे बदाम अजून येतात, आता तो ते मित्राला दाखवत नाही.